प्राध्यापकांचे रशियन शिफारसपत्र : एका दुरुस्तीची हकिगत

## पार्श्वभूमी

पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील ज्येष्ठ प्राध्यापकांनी आपल्या विद्यार्थिनीसाठी रशियन भाषेत एक शिफारसपत्र लिहिले आणि ते तपासण्यासाठी माझ्याकडे पाठवले. मी रशियन भाषा शिकवते. सरांची आणि माझी ओळख जुनी आहे, कारण 1980 च्या दशकात ते शिष्यवृत्तीवर लेनिनग्राडला, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गला, शिकून आले आहेत आणि आजही अधूनमधून एखादा रशियन लेख वाचताना अडले तर फोन करतात. विद्यार्थिनीला सेंट पीटर्सबर्गच्या एका तंत्रविद्यापीठात यंत्र अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी अर्ज करायचा होता. पत्र इंग्रजीतही चालले असते, पण सरांना ते रशियनमध्येच लिहायचे होते. ज्या शहराने आपल्याला शिकवले त्या शहराशी त्याच्याच भाषेत बोलावे, असे त्यांच्या मनात होते आणि मला ते पटले.

विद्यार्थिनीचे काम खरोखर चांगले होते. तिने एका साखर कारखान्यात गळीत हंगामभर दोन सेंट्रिफ्यूगल यंत्रांच्या बेअरिंगांची कंपने नोंदवली होती, आणि त्यासाठी लागणारे उपकरण विकत न घेता स्वतः जुळवले होते. त्या नोंदींवरून एका बेअरिंगच्या बाहेरच्या कडीतला दोष यंत्र बंद पडण्याच्या 9 दिवस आधी दिसला होता. हे सगळे मला सरांनी फोनवर सांगितले. पत्रात यातले जवळजवळ काहीच नव्हते.

अर्जाची मुदत संपायला 4 दिवस उरले होते.

पुढे रशियन शब्द देवनागरीत, अक्षरांना धरून लिहिले आहेत; प्रत्यक्ष उच्चारात आघात नसलेल्या जागी 'ओ'चा 'आ' होतो, तो फरक येथे दाखवलेला नाही.

## पत्र काय म्हणत होते

पत्र एका पानाचे होते. पहिलेच वाक्य पाच ओळींचे. त्याचा जवळात जवळचा मराठी अर्थ असा : 'सदर पत्राद्वारे माझ्याकडून अशा विद्यार्थिनीची शिफारस करण्यात येते, जी माझ्या प्रमुखत्वाखालील विभागात शिक्षण घेणारी विद्यार्थिनी असून जबाबदार, शिस्तप्रिय, नैतिकदृष्ट्या स्थिर आणि समूहात मान असणारी अशी स्वतःची ओळख निर्माण केलेली आहे.' या एका वाक्यात सहा धातुसाधित विशेषणे, म्हणजे 'घेणारी', 'केलेली' यांसारखी क्रियापदापासून बनलेली विशेषणे, होती. संपूर्ण पत्रात मी ती पेन्सिलीने मोजली, तेव्हा 19 भरली. शेवटची ओळ होती 'दानो द्ल्या प्रेद्याव्लेनिया पो मेस्तु त्रेबोवानिया', म्हणजे 'जेथे मागणी होईल तेथे सादर करण्यासाठी देण्यात आले'.

ही ओळ वाचताच पत्र कुठून आले आहे ते मला कळले. सोव्हिएत काळात नोकरी, प्रवेश किंवा परदेश प्रवास यांसाठी 'खाराक्तेरिस्तिका' नावाचा एक कागद लागत असे. तो माणसाच्या वर्तनाचा दाखला होता, आणि त्यातली वाक्ये ठरलेली असत : 'मोराल्नो उस्तोइचिवा', म्हणजे नैतिकदृष्ट्या स्थिर; 'पोल्झुयेत्स्या आव्तोरितेतोम व कोल्लेक्तिवे', म्हणजे समूहात जिला मान आहे अशी. सरांनी विद्यार्थी असताना असे कागद पाहिले होते, त्यांच्या स्वतःच्या नावाचाही एक त्यांच्या कपाटात होता. औपचारिक रशियन म्हणजे काय, याचा त्यांच्यापुढचा नमुना तोच होता. शेवटची ओळ तर पत्राची नाहीच. ती कार्यालयातून कोणाच्याही हाती देता येईल अशा दाखल्याची आहे. आपल्याकडे 'सदर दाखला मागणीवरून देण्यात येत आहे' असे लिहितात, तसेच हे. प्रवेश समितीला उद्देशून लिहिलेल्या पत्राखाली ती ओळ येणे म्हणजे पत्र कोणाला लिहिले आहे याचाच विसर पडणे.

## अडचण नेमकी कशाची

पत्रात लिंग, वचन, विभक्ती यांच्या चुका फार नव्हत्या. सरांची रशियन तांत्रिक लेखांवर पोसलेली आहे, आणि तांत्रिक रशियनमध्ये धातुसाधित विशेषणे भरपूर असतात. अडचण तीन पातळ्यांवर होती आणि त्या एकमेकींत गुंतल्या होत्या. ठरीव वाक्प्रचारांमुळे मुलगी दिसत नव्हती. धातुसाधितांच्या साखळीमुळे कोणी काय केले ते कळत नव्हते. आणि तीन जागी रूपांची निवड चुकली होती. त्या तीन चुका मला सर्वांत महत्त्वाच्या वाटल्या, कारण त्यांचे मूळ मराठीत होते.

पहिली चूक. सरांनी लिहिले होते : 'राबोताया पोद मोइम रुकोवोद्स्त्वोम, म्ने स्तालो यास्नो...', म्हणजे 'माझ्या मार्गदर्शनाखाली काम करताना मला स्पष्ट झाले की...'. मराठीत हे वाक्य कानाला मुळीच खटकत नाही. काम ती करते, स्पष्ट मला होते, आणि ऐकणारा दोन्ही नीट समजून घेतो. 'पाऊस पडून चिखल झाला' यात पडणारा पाऊस आणि झालेला चिखल हे दोन वेगळे कर्ते आहेत, तरी 'पडून' आपल्याला चालते. रशियनमधले 'देयेप्रिचास्तिये', म्हणजे आपल्या '-ऊन', '-त', '-ताना' यांच्या जागी येणारे क्रियाविशेषणात्मक रूप, हे स्वातंत्र्य देत नाही. त्याचा कर्ता आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता एकच असावा लागतो. 'म्ने स्तालो यास्नो' या रचनेत तर प्रथमेतला कर्ताच नाही. 'मला' चतुर्थीत आहे. त्यामुळे 'राबोताया'ला लटकायला जागाच उरत नाही. मराठी माणसाकडून ही चूक हमखास होते, कारण आपले 'मला वाटले', 'मला जाणवले', 'मला दिसले' हे सगळे चतुर्थीतले अनुभव '-ताना'शी सुखाने जोडले जातात. रशियन मुलांनाही शाळेत ही चूक टाळायला शिकवावे लागते. त्यामुळे ती सुशिक्षित रशियन वाचकाच्या डोळ्यात लगेच भरते.

दुसरी चूक भविष्यकाळाची. सरांना म्हणायचे होते, 'विज्ञानात भर घालू शकणारी विद्यार्थिनी'. त्यांनी 'सुमेयेत' या क्रियापदापासून 'सुमेयुश्चाया' असे रूप बनवले. मराठीतल्या '-णारा'ला काळाचे बंधन नाही : 'शिकणारी मुलगी' आज शिकते, 'उद्या येणारी मुलगी' उद्या येते. रशियनमध्ये भविष्यकाळाचे धातुसाधित विशेषण प्रमाण भाषेत नाहीच. 'सुमेयेत'सारख्या पूर्णतावाचक, म्हणजे क्रिया पुरी होण्याचा अर्थ देणाऱ्या, क्रियापदाला वर्तमानकाळाचे रूप नसते, त्याचे ते रूप भविष्याचा अर्थ देते, आणि त्यापासून '-युश्च-' लावून विशेषण बनवता येत नाही. येथे 'कोतोराया सुमेयेत', म्हणजे 'जी करू शकेल', असे पूर्ण उपवाक्यच घालावे लागते.

तिसरी चूक व्याकरणाने बरोबर होती आणि म्हणून सर्वांत धोक्याची. वाक्य होते : 'ती आमच्या प्रयोगशाळेची विद्यार्थिनी आहे', आणि पुढे स्वल्पविराम देऊन 'कंपने नोंदवण्याचे उपकरण विकसित करण्यात गुंतलेली' अशा अर्थाचा धातुसाधित शब्दसमूह. सरांनी त्या विशेषणाचे रूप 'झानिमायुश्चेय्स्या' असे लिहिले होते. हे रूप षष्ठीचे आहे आणि ते 'प्रयोगशाळेची' या शब्दाशी जुळते. विद्यार्थिनीशी जुळवायचे तर 'झानिमायुश्चायास्या' हवे होते. शब्दाच्या मध्यातला एवढासा फरक, पण त्याने उपकरण बनवण्याचे श्रेय मुलीकडून काढून प्रयोगशाळेला दिले. समितीतल्या कोणालाही हे चुकले आहे असे वाटले नसते. त्यांनी सरळ तसेच वाचले असते. मराठीत 'प्रयोगशाळेची उपकरणावर काम करणारी विद्यार्थिनी' आणि 'उपकरणावर काम करणाऱ्या प्रयोगशाळेची विद्यार्थिनी' हा फरक आपण शब्दांच्या जागेने दाखवतो, कारण आपले विशेषण नामाच्या आधी येते. रशियनमध्ये तो शब्दसमूह बहुधा नामाच्या मागे येतो आणि कोणाशी नाते आहे हे केवळ शेवटच्या प्रत्ययातून कळते. सरांचे लक्ष जवळच्या शब्दाकडे गेले आणि प्रत्यय त्याच्याशी जुळला.

## समोर असलेले पर्याय

मी चार गोष्टींचा विचार केला.

केवळ व्याकरण सुधारून पत्र परत करणे हा सर्वांत सोपा मार्ग होता. अर्ध्या तासाचे काम होते. पण तसे केल्यावर जे उरले असते ते निर्दोष भाषेतले वर्तनप्रमाणपत्र झाले असते. सरांनी पत्र इंग्रजीत लिहावे आणि अधिकृत भाषांतर जोडावे, हा दुसरा मार्ग. मुदतीकडे पाहता तो शक्य होता, पण पत्र रशियनमध्ये लिहिण्यामागची सरांची भावना त्यात जात होती आणि भाषांतरकार तीच ठरीव वाक्ये पुन्हा घालणार नाही याचीही खात्री नव्हती.

तिसरा मार्ग माझ्या व्यवसायातल्या माणसाला सर्वांत मोहाचा : सरांकडून माहिती घेऊन पत्र मीच नव्याने लिहावे. ते झपाट्याने झाले असते. पण मग ते सरांचे पत्र राहिले नसते. मुलाखतीत किंवा पुढे पत्रव्यवहारात कोणी सरांशी रशियनमध्ये बोलले असते, तर पत्रातली रशियन आणि बोलणारी रशियन यांतली दरी लगेच दिसली असती. शिफारस करणारा माणूस स्वतःचे नाव पणाला लावत असतो. त्याच्या तोंडी दुसऱ्याचे शब्द घालणे मला योग्य वाटले नाही.

म्हणून चौथा मार्ग निवडला. प्रत्येक ठरीव वाक्याजवळ मी एक प्रश्न लिहायचा, सरांनी त्याचे उत्तर साध्या रशियनमध्ये एका ओळीत लिहायचे, आणि त्या ओळींतून पत्र पुन्हा उभे करायचे. वेळ जास्त लागणार होता, पण शब्द त्यांचेच राहणार होते.

## पहिली फेरी : ठरीव वाक्ये

'जबाबदार' या शब्दाजवळ मी लिहिले : 'हे तुम्हाला कशावरून कळले?' सरांचे उत्तर आले : 'हंगामात कारखान्यात रात्रपाळीला ती स्वतः जाऊन नोंदी तपासत असे.' 'समूहात मान' याजवळ विचारले : 'कोणाचा?' उत्तर : 'कारखान्यातले फिटर यंत्राचा आवाज बदलला की तिला फोन करू लागले.' हे उत्तर वाचून मला फार आनंद झाला, कारण यापेक्षा चांगली शिफारस कोणत्याही विशेषणाने झाली नसती. 'नैतिकदृष्ट्या स्थिर' याजवळ मी काही विचारले नाही. ते शब्द काढायचे असे सुचवले आणि आजच्या रशियन वाचकाला त्यातून जुन्या कार्यालयीन फायलीचा वास येतो, असे कारण लिहिले. सरांनी फोन करून विचारले, 'बाई, पण मग तिच्या स्वभावाबद्दल काहीच राहत नाही ना?' मी म्हटले, 'सर, फिटरचा फोन म्हणजे स्वभावच आहे.' त्यांनी थोडा विचार करून होकार दिला.

कार्यालयीन भाषेच्या या आजाराला रशियनमध्ये 'कान्त्सेल्यारीत' असा शब्द आहे. रशियन लेखक कोर्नेय चुकोव्स्की यांनी 1962 मध्ये तो रोगांच्या नावांच्या धर्तीवर घडवला, आणि तो इतका रुजला की आज संपादक तो सर्रास वापरतात. त्याची लक्षणे ओळखीची आहेत : क्रियापदाच्या जागी नाम, कर्तरीच्या जागी कर्मणी, आणि साध्या शब्दाच्या जागी लांब शब्द. सरांच्या पत्रात 'म्नोयु रेकोमेन्दुयेत्स्या', म्हणजे 'माझ्याकडून शिफारस करण्यात येते', असे होते. तेथे 'रेकोमेन्दुयु', 'शिफारस करतो', हा एक शब्द आला. 'दान्नाया स्तुदेन्त्का', म्हणजे आपली 'सदर विद्यार्थिनी', सहा वेळा होती. तेथे एकदा नाव आणि बाकी ठिकाणी 'ती' आले.

'याव्ल्यायेत्स्या' या शब्दावर थोडे थांबायला हवे. रशियन वर्तमानकाळात 'आहे' हे क्रियापद लिहीत नाहीत : 'ती विद्यार्थिनी' एवढेच वाक्य पूर्ण असते. मराठी माणसाला त्या वाक्यात काहीतरी गळल्यासारखे वाटते आणि तो ती पोकळी 'याव्ल्यायेत्स्या'ने भरतो, ज्याचा अर्थ साधारण 'असणे, ठरणे' असा आहे आणि जो शास्त्रीय व्याख्यांत शोभतो. सरांच्या एका पानात तो आठ वेळा होता. माझ्या वर्गातल्या मुलांच्याही वह्यांत तो असाच दाटीने येतो, त्यामुळे ही केवळ कार्यालयीन सवय नाही. त्यामागे आपल्या 'आहे'ची ओढ आहे. आठांपैकी एकही ठेवावा लागला नाही.

## दुसरी फेरी, आणि माझी चूक

आता धातुसाधितांची पाळी आली आणि येथे मी चुकले. 19 विशेषणे पाहून मी इतकी सावध झाले होते की ती सगळीच मोडायची असे ठरवून टाकले. जेथे धातुसाधित तेथे 'कोतोरी', म्हणजे 'जो', असे उपवाक्य. नियमाने प्रत्येक रूपांतर बरोबर होते. तयार झालेले एक वाक्य असे होते : 'जे उपकरण तिने स्वतः जुळवले आणि जे तिने त्या सेंट्रिफ्यूगलवर बसवले जे कारखान्यात सर्वांत जुने होते, त्याने अशा नोंदी दिल्या ज्यांवरून दोष दिसला.' चार 'कोतोरी' एका वाक्यात.

हा मसुदा मी सेंट पीटर्सबर्गला राहणाऱ्या एका निवृत्त संपादिकेला पाठवला. त्यांनी आयुष्यभर तांत्रिक पुस्तके संपादित केली आहेत. त्यांचे उत्तर त्याच रात्री आले. प्रत्येक 'कोतोरी'भोवती वर्तुळ होते आणि शेवटी दोन ओळी : तुम्ही एक साखळी तोडून दुसरी घातली, धातुसाधित हे भाषेने याच जागेसाठी दिले आहे, ते का टाकता?

त्या बरोबर होत्या. धातुसाधित विशेषणाचा उपयोगच हा आहे की एखाद्या नामाबद्दलची पूर्ण झालेली, दुय्यम गोष्ट थोडक्यात सांगून वाक्य पुढे जावे. उपकरण तिने स्वतः जुळवले ही महत्त्वाची गोष्ट आहे, पण वाक्याचा मुख्य दोरा नोंदींचा आहे. तेथे 'सोब्रान्नी येयु सामोय', 'तिने स्वतः जुळवलेले', हे तीन शब्द उत्तम बसतात. खोट धातुसाधितांत नव्हती. सरांच्या वाक्यांत मुख्य क्रियापदाने सांगायच्या गोष्टीही त्यांत कोंबल्या होत्या, आणि एका धातुसाधिताच्या पोटात दुसरे, दुसऱ्याच्या पोटात तिसरे गेले होते, ती खरी खोट होती.

मग आम्ही दोघींनी फोनवर प्रत्येक जागा पुन्हा तोलली. प्रश्न एकच ठेवला : ही गोष्ट मुलीने केली म्हणून समितीला कळायला हवी, की ती केवळ एखाद्या वस्तूची ओळख आहे? पहिल्या प्रकाराला कर्तरी क्रियापद, दुसऱ्याला धातुसाधित. 'आमच्या प्रयोगशाळेत तिने कंपने नोंदवण्याचे उपकरण विकसित केले' असे सरळ वाक्य केल्यावर 'झानिमायुश्चेय्स्या'चा घोळ आपोआप संपला, कारण श्रेय कोणाचे हे सांगायला प्रत्ययावर विसंबण्याची गरजच राहिली नाही. 'राबोताया' ठेवले, पण कर्ता बदलला : 'राबोताया स नेय, या उबेदिल्स्या', म्हणजे 'तिच्याबरोबर काम करताना मी खात्री करून घेतली'. काम करणारा मी, खात्री झालेला मी. 'सुमेयुश्चाया' गेले आणि तेथे 'ती हे करू शकेल अशी माझी खात्री आहे' असे स्वतंत्र वाक्य आले.

एका ठिकाणी धातुसाधित ठेवले, पण रूप बदलले. सरांनी नोंदींसाठी 'झापिसिवायेमिये' लिहिले होते, म्हणजे 'नोंदवल्या जाणाऱ्या'. हे वर्तमानकाळाचे कर्मणी रूप चालू असलेली किंवा नेहमीची क्रिया दाखवते, आणि वाचणाऱ्याला वाटले असते की काम अजून सुरू आहे. हंगाम संपला होता, नोंदी पूर्ण होत्या. 'झापिसान्निये', 'नोंदवलेल्या', हे भूतकाळाचे रूप हवे होते. मराठीत आपण 'नोंदवलेल्या' आणि 'नोंदवल्या जाणाऱ्या' यांतला फरक सहज करतो, तरी रशियन लिहिताना सरांचा हात दुसऱ्या रूपाकडे गेला, कारण तांत्रिक लेखांत यंत्राचे कार्य सांगताना '-येमी'ची रूपे सारखी भेटतात.

## एक मतभेद

संपादिकाबाईंनी एक ठरीव वाक्प्रचार परत घालायला सांगितला : 'झारेकोमेन्दोवाला सेब्या', म्हणजे 'तिने स्वतःची अमुक अशी ओळख निर्माण केली'. त्यांचे म्हणणे असे की पत्र आधी आंतरराष्ट्रीय विभागातल्या कर्मचाऱ्याच्या हाती पडते, त्याला दिवसात कितीतरी कागद पाहायचे असतात, आणि शिफारसपत्रात त्याला ओळखीचा एक तरी शब्द दिसायला हवा. तो नसेल तर हे नेमके कशाचे पत्र आहे याचा त्याला क्षणभर विचार करावा लागतो. मला हे सुरुवातीला पटले नाही. पत्राला 'रेकोमेन्दातेल्नोये पिस्मो' असे शीर्षक आहेच, मग आत तोच सूर कशाला, असे मी म्हटले. शेवटी आम्ही निर्णय सरांवर सोडला. सरांनी तो एकदाच, अगदी शेवटच्या परिच्छेदात, ठेवला, आणि त्याच्यापुढे जुन्या चार विशेषणांऐवजी एकच नाम : 'चिकाटीची प्रयोगकर्ती'. आज ते वाचताना मला वाटते की बाईंचे बरोबर होते. वरची सगळी वाक्ये घडलेल्या गोष्टींची असल्यामुळे तो एक ठरीव शब्द पोकळ वाटत नाही. त्याच्या आधी पुरावा येऊन गेलेला आहे.

## अंतिम पत्र

पत्राचा गाभा मराठीत सांगायचा तर असा झाला : 'यंत्र अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मी तिची शिफारस करतो. मी तिला तीन वर्षे ओळखतो. शेवटचे वर्ष तिने माझ्या मार्गदर्शनाखाली काम केले. आमच्या प्रयोगशाळेत तिने बेअरिंगांची कंपने नोंदवण्याचे उपकरण विकसित केले. स्वतः जुळवलेले हे उपकरण तिने साखर कारखान्यातल्या सेंट्रिफ्यूगलवर बसवले आणि हंगामभर नोंदी घेतल्या. तिने नोंदवलेल्या आकड्यांत बाहेरच्या कडीतला दोष यंत्र थांबण्याच्या 9 दिवस आधी दिसला.' त्यापुढे रात्रपाळीचा आणि फिटरच्या फोनचा परिच्छेद, मग सरांची खात्री, आणि खाली सही.

19 धातुसाधितांपैकी 5 उरली. लांबी जवळपास तेवढीच राहिली, कारण विशेषणांची जागा घटनांनी घेतली. पत्र मुदतीच्या आदल्या दिवशी गेले.

## परिणाम

विद्यार्थिनीला प्रवेश मिळाला. तो तिच्या गुणांवर आणि कामावर मिळाला. पत्राचा त्यात किती वाटा होता हे मोजता येत नाही आणि मी तसा दावा करणार नाही. पण ऑनलाइन मुलाखतीत तिला दुसऱ्या क्रमांकाचाच प्रश्न असा आला की 9 दिवस आधी दोष दिसला तो कोणत्या वारंवारतेवर आणि तो बाहेरच्याच कडीतला आहे हे तिने कसे ठरवले. हे तिला येत होते. पुढची दहा मिनिटे त्यावरच बोलणे झाले. पहिल्या मसुद्यात 9 दिवसांचा उल्लेख नव्हता, आणि उपकरण प्रयोगशाळेच्या नावावर होते. तो मसुदा गेला असता तर हा प्रश्न विचारायला कारणच उरले नसते.

## आज असते तर वेगळे काय केले असते

सर्वांत आधी, पत्र वाचण्यापूर्वी सरांशी बोलले असते. मी आधी पान लाल केले आणि नंतर त्यांना काय म्हणायचे आहे ते विचारले. त्यामुळे पहिला दिवस अशी वाक्ये सुधारण्यात गेला जी पुढे पूर्णच काढावी लागली. 'समूहात मान असणारी' या विशेषणाचे लिंग आणि विभक्ती मी काळजीपूर्वक दुरुस्त केली होती. दुसऱ्या दिवशी ते वाक्यच राहिले नाही. घटना आधी, ठरीव शब्द नंतर, व्याकरण शेवटी, असा क्रम असता तर संपादिकाबाईंसाठी एकाऐवजी दोन दिवस मिळाले असते.

दुसरे, धातुसाधिते मोजण्यावर मी नको इतका भर दिला. 19 हा आकडा धक्का देणारा होता, पण त्यातली 5 निर्दोष होती आणि आणखी तीन केवळ चुकीच्या जागी होती. मोजण्याऐवजी प्रत्येकाच्या शेजारी ते कोणत्या नामाला चिकटले आहे ते बाण काढून दाखवले असते, तर प्रयोगशाळेचा आणि मुलीचा घोळ मला पहिल्याच वाचनात दिसला असता. तो मला तिसऱ्या वाचनात दिसला, आणि तोही पत्र मोठ्याने वाचताना.

तिसरे, चुकांचे मराठी मूळ सरांना लगेच सांगायला हवे होते. मी सुरुवातीला कागदाच्या समासात फक्त 'कर्ता वेगळा' एवढे लिहिले. त्यांनी ते सुधारले, पण का ते त्यांना कळले नाही. नंतर एकदा चहा घेताना 'पाऊस पडून चिखल झाला' हे उदाहरण दिले, तेव्हा ते लगेच म्हणाले, 'म्हणजे आपला चिखल त्यांच्याकडे चालत नाही.'

पुढच्या वर्षी त्यांनी दुसऱ्या एका विद्यार्थ्यासाठी पत्र लिहिले. मसुद्याबरोबर वेगळ्या कागदावर सात घटना लिहून आल्या होत्या, पत्रात 'याव्ल्यायेत्स्या' एकदाच होते. दुसऱ्या परिच्छेदात पुन्हा 'सुमेयुश्ची' आले होते, पण त्याच्या शेजारी पेन्सिलीने सरांनी स्वतःच प्रश्नचिन्ह काढले होते.